सोनं पडलं होतं की नाही?

९ मार्च २०२०, सोमवार. आंतरराष्ट्रीय बाजारात सोन्याने औंसामागे १,७०० डॉलरची पातळी ओलांडली. २०१२ नंतर हा भाव कुणी पाहिला नव्हता. पुढच्याच सोमवारी, १६ मार्चला, दिवसभराच्या पडझडीत तेच सोनं १,४५१ डॉलरपर्यंत उतरलं. म्हणजे आठवड्याभरात अडीचशे डॉलर, जवळजवळ पंधरा टक्के साफ. करोनाच्या भीतीने शेअर बाजार कोसळत होते आणि अशा वेळी सोनं तरी हात देईल या भरवशावर बसलेल्यांचं धाबं दणाणलं.

आता त्याच महिन्याकडे दुसऱ्या टोकाने पाहू. फेब्रुवारीचा शेवटचा भाव होता साधारण १,५८५ डॉलर. मार्चचा शेवटचा भाव साधारण १,५७७. फरक आठ डॉलरचा, जेमतेम अर्धा टक्का.

मग मार्च २०२० मध्ये सोनं पडलं होतं की नाही? दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि दोन्ही एकाच भावांमधून आलेली आहेत. बदलतं ते एवढंच, की आलेखाचा एक ठोकळा किती दिवसांचा धरला. मोबाइलवर आलेख उघडला की वरच्या कोपऱ्यात D, W, M अशी तीन अक्षरं दिसतात, दिवस, आठवडा आणि महिना. बहुतेक लोक तिथे सहज बोट फिरवतात, पण विकायचं की ठेवायचं याचा निर्णय पुष्कळदा त्या बोटाबरोबर फिरतो.

हे घडतं कसं ते कळायला आलेखाची ‘कॅन्डल’ म्हणजेच मेणबत्ती कशी बनते ते पाहावं लागेल. एका कॅन्डलमध्ये चारच भाव असतात: सुरुवातीचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद होतानाचा. सुरुवात आणि बंद यांच्यामधला जाड भाग म्हणजे तिचा देह. वरचा आणि खालचा भाव दाखवणाऱ्या बारीक रेघा म्हणजे वाती. बंद भाव सुरुवातीपेक्षा खाली असेल तर कॅन्डल लाल, वर असेल तर हिरवी. बाकी सगळं, म्हणजे मधल्या वेळात भाव कसा गेला, किती वेळा वरखाली झाला, आधी वर जाऊन मग पडला की आधी पडून मग सावरला, हे कॅन्डल सांगत नाही. ते ती टाकून देते.

९ ते १३ मार्चचा आठवडाच घेऊ. सोमवारी भाव १,७०० च्या वर जाऊन १,६८० च्या आसपास बंद झाला. मंगळवारी १,६४९, बुधवारी १,६३५, गुरुवारी १,५७६ आणि शुक्रवारी १,५२९. दैनिक आलेखावर या पाच कॅन्डल एकीखाली एक उतरत गेलेल्या दिसतात, पायऱ्या उतराव्यात तशा. साप्ताहिक आलेखात या पाचांची एकच कॅन्डल होते. तिची सुरुवात सोमवारच्या सकाळची, बंद भाव शुक्रवारच्या संध्याकाळचा, मधल्या चार दिवसांचे बंद भाव कुठेच नाहीत. आधीच्या शुक्रवारी १,६७४ ला बंद झालेलं सोनं या शुक्रवारी १,५२९ ला बंद झालं, म्हणजे एका आठवड्यात जवळपास नऊ टक्के घट. साप्ताहिक आलेखावरची ही लाल कॅन्डल इतकी लांब होती, की तिच्या तोडीची दुसरी शोधायला कित्येक वर्षं मागे जावं लागलं असतं.

पण तिच्या अलीकडचीही आणि पलीकडचीही कॅन्डल पाहावी लागते. २ ते ६ मार्चच्या आठवड्यात सोनं पाच टक्क्यांहून जास्त चढलं होतं. २३ ते २७ मार्चच्या आठवड्यात ते १,४९८ वरून १,६२८ वर गेलं, आठ टक्क्यांहून जास्त. साप्ताहिक आलेख पाहणाऱ्याला मार्चमध्ये पडझड दिसली नाही, दिसली ती दोन्ही बाजूंची हाणामारी. आणि मासिक आलेखावर या सगळ्याची मिळून एक बुटकी कॅन्डल उरली: देह आठ डॉलरचा, वरची वात १,७०३ पर्यंत, खालची १,४५१ पर्यंत. तांत्रिक विश्लेषणाची पुस्तकं अशा कॅन्डलला ‘डोजी’ म्हणतात आणि तिचा अर्थ सांगतात, की बाजाराचं अजून काही ठरलेलं नाही.

पडझडीचं कारण त्या दिवसांत सगळ्यांना ठाऊक होतं. शेअरमध्ये आणि तेलात नुकसान झालेल्या मोठ्या फंडांना मार्जिन भरायला रोकड हवी होती आणि चटकन विकलं जाईल असं त्यांच्याकडे सोनंच होतं. सोनं नकोसं झालं म्हणून विकलं जात नव्हतं, पैसे हवे होते म्हणून विकलं जात होतं. २३ मार्चला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने हवे तितके रोखे खरेदी करण्याची घोषणा केली आणि ती विक्री थांबली. दैनिक आलेख हे कारण दाखवत नाही, फक्त परिणाम दाखवतो. पण मासिक आलेखही कारण दाखवत नाही, हे त्याच्या चाहत्यांनी विसरू नये.

इथवर फक्त पाहण्याचा प्रश्न होता. खरी गंमत सुरू होते ती नियम लावल्यावर. पुष्कळ गुंतवणूकदार एक साधा नियम पाळतात: गेल्या दोनशे दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढायची, भाव तिच्या वर आहे तोवर सोनं ठेवायचं, खाली बंद झाला की विकायचं. बाजाराच्या भाषेत ही दोनशे दिवसांची मूव्हिंग अ‍ॅव्हरेज. सुट्ट्या वगळल्या तर दोनशे दिवस म्हणजे साधारण चाळीस आठवडे किंवा जवळपास दहा महिने. म्हणजे हाच नियम साप्ताहिक आलेखावर चाळीस आठवड्यांच्या सरासरीने आणि मासिक आलेखावर दहा महिन्यांच्या सरासरीने पाळता येतो. काळ तोच, भाव तेच, नियमही तोच. मार्च २०२० मध्ये या तिघांनी काय सांगितलं ते पाहा.

दैनिक आलेखावर ही सरासरी तेव्हा १,५०० डॉलरच्या आसपास होती. १८ मार्चला सोनं १,४८६ ला बंद झालं, १९ मार्चला १,४७१ ला. भाव सरासरीच्या खाली गेला, नियमाने सांगितलं विका. ज्याने मान ठेवून विकलं, त्याचं सोनं पुढच्या मंगळवारपर्यंत १,६३२ वर पोहोचलं होतं, त्याच्याशिवाय.

साप्ताहिक आलेखावर २० मार्चच्या शुक्रवारचा बंद भाव १,४९८ आणि चाळीस आठवड्यांची सरासरी १,५०४ च्या घरात. फरक सहा डॉलरचा. याला तुटलं म्हणायचं की टेकलं? काटेकोर माणूस विकेल, सबुरीचा माणूस आणखी एक आठवडा थांबेल. एका आठवड्याने सोनं १,६२८ ला होतं.

मासिक आलेखाचा हिशेब तर कागदावर करता येतो. जून २०१९ पासूनचे महिनाअखेरचे भाव पूर्णांकात असे होते: १,४०९, १,४१३, १,५२०, १,४७२, १,५१३, १,४६४, १,५१७, १,५८९, १,५८५ आणि मार्चचा १,५७७. यांची बेरीज १५,०५९, सरासरी १,५०६. मार्चचा बंद भाव तिच्या सत्तर डॉलर वर. मासिक आलेख पाळणाऱ्याला नियमाने सांगितलं, काही झालेलं नाही, बसून राहा. तो बसून राहिला आणि ऑगस्टमध्ये त्याच्याकडचं सोनं २,०७५ डॉलरला पोहोचलं.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण यात पुष्कळ जण अडकतात. आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये सरासरीसाठी २०, ५० किंवा २०० असा आकडा भरलेला असतो. D वरून M वर बोट फिरवलं तरी तो आकडा तसाच राहतो. दैनिक आलेखावर ‘२० ची सरासरी’ म्हणजे एक महिना, साप्ताहिकावर पाच महिने आणि मासिकावर वीस महिने. ‘२०० ची सरासरी’ मासिक आलेखावर ठेवली तर ती साडेसोळा वर्षांची होते. ‘सोनं २०० च्या वर आहे’ असं कुणी ठामपणे सांगितलं, तर आधी विचारावं, दोनशे काय? दिवस की महिने? आलेख बदलताना आकडाही बदलला नाही, तर तुम्ही तोच नियम दुसऱ्या आलेखावर लावत नसता, दुसराच नियम लावत असता.

मार्च २०२० चा दाखला ऐकून मासिक आलेख शहाणा आणि दैनिक आलेख उतावळा असं वाटू लागलं असेल. मलाही तसं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. मासिक आलेखाचं त्या वेळचं शहाणपण थोडं दिनदर्शिकेच्या कृपेचं होतं. मार्च संपतो ३१ ला म्हणून ती कॅन्डल डोजी दिसली. समजा, आपण महिना २० तारखेपासून २० तारखेपर्यंत मोजला असता. २० फेब्रुवारीचा भाव होता १,६१९ च्या आसपास, २० मार्चचा १,४९८. महिन्याची कॅन्डल झाली असती लालभडक, साडेसात टक्के घट दाखवणारी. आणि तिच्या पुढची, २० एप्रिलपर्यंतची, तेरा टक्के चढलेली हिरवी. त्याच भावांतून दहा-अकरा दिवस सरकवून केलेला मासिक आलेख माणसाला घाबरवून मोकळा झाला असता. सोन्याला पगार पहिल्या तारखेला मिळत नाही. महिन्याची हद्द माणसाने आखलेली आहे आणि बाजार ती ओळखत नाही.

महिना संपायच्या आत मासिक आलेख उघडणाऱ्याची फसगत तर आणखी वेगळी. १९ मार्चच्या संध्याकाळी ज्याने M दाबलं, त्याला डोजी दिसलीच नाही. त्याला १,५८५ वरून १,४७१ वर आलेली लांब लाल कॅन्डल दिसली, वर भलीमोठी वात घेऊन, शिखर झाल्याची खूण म्हणून पुस्तकांत छापतात तशी. बारा दिवसांनी तीच कॅन्डल ओळखू येत नव्हती. अपुऱ्या महिन्याची कॅन्डल म्हणजे त्या क्षणाचा दैनिक भावच, फक्त मासिक कपडे घालून आलेला. दहा महिन्यांच्या सरासरीचा नियम महिनाअखेरच्या बंद भावावर चालतो. मधल्या तारखेला तो लावला की त्याचं सगळं बळ जातं, पण लावणाऱ्याला मात्र आपण दूरचा विचार करतोय असं वाटत राहतं.

आता ऑगस्ट २०२०. या महिन्याची मासिक कॅन्डल मार्चच्या कॅन्डलची जुळी बहीण शोभेल. जुलैअखेरचा भाव १,९७५ च्या आसपास. ७ ऑगस्टच्या सुमारास २,०७५ हा तोवरचा विक्रमी भाव. ११ ऑगस्टला एकाच दिवसात शंभराहून जास्त डॉलरची, साडेपाच टक्क्यांच्या पुढची घट. एप्रिल २०१३ नंतर एका दिवसात एवढं सोनं पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे १,८६३ पर्यंत घसरण. आणि महिनाअखेर बंद भाव १,९६८. देह सात डॉलरचा, दोन्हीकडे लांब वाती. पुन्हा डोजी.

मार्चमध्ये दैनिक आलेखाने घाबरवलं आणि घाबरलेले चुकले. ऑगस्टमध्येही दैनिक आलेखाने घाबरवलं, पण या वेळी घाबरलेले बरोबर ठरले. ऑगस्ट २०२० चा तो भाव शिखर होता. २,०७५ च्या वर महिन्याचा बंद भाव लागायला मार्च २०२४ उजाडावं लागलं. मधल्या काळात, २०२२ च्या शरद ऋतूत, सोनं १,६१५ पर्यंतही जाऊन आलं. मासिक आलेखाने ऑगस्टमध्ये अवाक्षर काढलं नाही.

मग त्याने तोंड उघडलं कधी? दहा महिन्यांच्या सरासरीचा हिशेब पुढे नेला, तर नोव्हेंबर २०२० अखेर भाव १,७७७ आणि सरासरी १,७८५. आठ डॉलरने खाली, म्हणजे विका. डिसेंबरमध्ये भाव १,८९८, सरासरीच्या वर, म्हणजे पुन्हा घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये १,७३४, सरासरीच्या बऱ्याच खाली, विका. मेमध्ये १,९०७, घ्या. जूनमध्ये १,७७०, विका. ज्याने हा नियम इमानदारीने पाळला, तो स्वस्तात विकत आणि महागात घेत राहिला. फेब्रुवारीत स्पष्ट इशारा मिळाला, तेव्हा सोनं शिखरापासून सोळा टक्के खाली आलेलं होतं. मासिक आलेख गोंगाट गाळतो हे खरं, पण त्या गाळणीची किंमत उशिराच्या रूपात भरावी लागते. आणि बाजार एकाच पट्ट्यात वरखाली करत राहिला तर गोंगाटही गाळला जात नाही, तो फक्त महिन्याच्या मापाने येतो.

तर मग कोणता आलेख बरोबर? मला वाटतं, हा प्रश्नच आलेखाला विचारायचा नसतो. तो आपल्या पैशाला विचारायचा असतो: हा पैसा सोन्यात किती काळ राहणार आहे आणि आतबाहेर करायला किती खर्च येतो?

खर्चाची बाजू आधी घेऊ, कारण तिथे हिशेब साधा आहे. सराफाकडून नाणं किंवा वळं घेताना तीन टक्के जीएसटी लागतो. विकताना तो परत मिळत नाही. वर घडणावळ आणि सराफाच्या खरेदी-विक्री भावातला फरक. म्हणजे एकदा घेऊन विकलं की नाण्यावरही तीन टक्क्यांहून जास्त गेले, दागिन्यावर त्याहून कितीतरी जास्त. मार्च २०२० सारखे महिने सोडले, तर दैनिक आलेखावरची एखाद-दुसऱ्या दिवसाची हालचाल एक टक्क्याच्या आतबाहेरच असते. ज्या हालचालीचा फायदा खर्चातच बुडतो, ती दाखवणारा आलेख बांगड्या घेणाऱ्याच्या काय कामाचा? तो कमोडिटी एक्स्चेंजवर वायदे करणाऱ्याच्या कामाचा आहे. तिथे मार्जिन रोज हिशेबात धरलं जातं आणि १,७०० ला घेतलेल्याला १,४५१ च्या दिवशी पैसे भरावे लागतात. महिनाअखेर भाव सावरणार आहे हे त्याला देवाने येऊन सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. मार्जिन भरता आलं नाही तर ब्रोकर त्याचा सौदा त्याच दिवशी कापतो. वायदेवाल्याने मासिक आलेख पाहून निश्चिंत राहणं हे बांगडीवाल्याने दैनिक आलेख पाहून घाबरण्याइतकंच विसंगत. गोल्ड ईटीएफवाला या दोघांच्या मध्ये कुठेतरी. त्याचा खर्च कमी, म्हणून साप्ताहिक आलेख त्याला परवडतो, पण परवडतो म्हणून रोज विकायलाच हवं असं नाही.

आपल्याकडे तर न ठरवता एक चौथा आलेखही चालत आलेला आहे: वर्षाचा. पुष्कळ घरांत गुढीपाडव्याला ग्रॅमभर तरी सोनं घ्यायची रीत आहे. २०२० चा पाडवा होता २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, त्यामुळे पेढ्या बंद होत्या. पण भाव बघितला तर आदल्या वर्षीच्या पाडव्याला सोनं १,२९० डॉलरच्या आसपास, त्या दिवशी १,६१७ आणि २०२१ च्या पाडव्याला १,७४५. या तीन ठिपक्यांना जोडणारी रेघ सरळ वर जाते. १६ मार्चची दरी त्यात नाही आणि ७ ऑगस्टचं शिखरही नाही. पाडव्याला घेणाऱ्याच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी घडल्याच नाहीत.

पण एवढ्यावर खूश होऊ नये, कारण हे सगळे भाव डॉलरचे आहेत आणि आपण सोनं रुपयांत घेतो. फेब्रुवारी २०२० च्या शेवटी डॉलर ७२ रुपयांच्या थोडा वर होता, मार्चअखेर ७५.५० च्या आसपास. औंसात ३१.१ ग्रॅम धरून, आयात शुल्क आणि कर बाजूला ठेवून हिशेब केला, तर दहा ग्रॅमचा भाव महिन्याच्या सुरुवातीला ३६,८०० रुपयांच्या घरात येतो आणि शेवटी ३८,३०० च्या घरात. डॉलरमध्ये ज्या महिन्याची कॅन्डल डोजी आहे, रुपयात त्याच महिन्याची कॅन्डल चार टक्के चढलेली हिरवी आहे. परदेशी संकेतस्थळावर मासिक आलेख पाहून पुण्या-नागपुरात निष्कर्ष काढणाऱ्याने हा फरक आधी करावा आणि मग दिवस-आठवडा-महिन्याच्या वादात पडावं.

याची उलटी बाजूही आहे. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं गेलं आणि आपल्या वायदेबाजारात दहा ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपये एका दिवसात उतरले. रुपयाच्या दैनिक आलेखावर तो कडेलोट दिसतो, साप्ताहिकावरही लांब लाल कॅन्डल दिसते. डॉलरच्या आलेखावर त्या दिवशी विशेष काही नाही. अशा उडीला तांत्रिक नियम लावून ‘कल बदलला’ म्हणणं चूक, कारण खरेदीदार आणि विक्रेते यांच्यातलं पारडं त्या दिवशी फिरलं नव्हतं, फक्त कर कमी झाला होता. आलेखावर अचानक मोठी दरी दिसली की त्या तारखेची बातमी आधी वाचावी, सरासरी नंतर मोजावी.

मासिक आलेखाबद्दल शेवटची तक्रार त्याच्या उंचीची. पन्नास वर्षांचा मासिक आलेख साध्या मापपट्टीवर काढला, तर अलीकडचे तीन-चार हजार डॉलरचे भाव वरचा सगळा भाग व्यापतात आणि जुने भाव तळाशी सपाट दिसतात. जानेवारी १९८० मध्ये सोनं ८५० डॉलरला पोहोचलं होतं. १९९९ मध्ये ते सुमारे २५० ला होतं. ज्याने शिखरावर घेतलं, त्याला डॉलरमध्ये नुसती मुद्दल परत दिसायला जानेवारी २००८ पर्यंत थांबावं लागलं, महागाई धरलीच नाही तरी. हे अठ्ठावीस वर्षांचं दुखणं त्या आलेखावर एका टेकाडाएवढं दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये मापपट्टी टक्केवारीची, म्हणजे ‘लॉग’ करून घेतली, की तेच टेकाड खराखुरा डोंगर होऊन दिसतं. दीर्घ मुदतीत सोनं पडतच नाही असं मासिक आलेख दाखवून कुणी सांगू लागला, तर त्याच्यासमोर एवढं एक बटण दाबून पाहावं.

ऑगस्ट २०२० च्या शिखरावर सोनं घेतलेल्यांत सरकारी सुवर्णरोखे घेणारेही होते. त्या वर्षाच्या पाचव्या मालिकेची विक्री ३ ते ७ ऑगस्टला झाली. भाव ठरला आदल्या आठवड्यातल्या शेवटच्या तीन कामकाजाच्या दिवसांच्या बंद भावांच्या सरासरीवर, ग्रॅमला ५,३३४ रुपये. रोखे जारी झाले ११ ऑगस्टला, म्हणजे ज्या दिवशी सोनं साडेपाच टक्क्यांनी कोसळलं नेमक्या त्याच दिवशी. दैनिक आलेखावर याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. रोखा आठ वर्षांचा, मुदतीआधी परत करायची सोय पाच वर्षांनंतर. ऑगस्ट २०२५ मध्ये ती खिडकी उघडली तेव्हा दहा ग्रॅमचा भाव लाख रुपयांच्या आसपास होता. त्या पाच वर्षांत त्याने आलेख रोज पाहिला असता तरी रोखा सरकारला परत देता येत नव्हता आणि शेअर बाजारात विकायचा तर पुष्कळदा कमी भावाने द्यावा लागत होता. म्हणून आलेख उघडण्याआधी आपला पैसा कोणत्या तारखेला लागणार आहे ते लिहून ठेवा. लेकीच्या लग्नाचं सोनं असेल तर महिनाअखेरचा रुपयातला भाव पुरे, आणि लग्न चार महिन्यांवर आलं असेल तर तोही कामाचा नाही, त्या वेळी भाव न पाहता लागेल तेवढं घेऊन टाकावं.